‘पास’ झालेली हार्ड डिस्क बंद का पडते?

कॉम्प्युटर मंद झाला की पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा विंडोजवर. कोणी रॅम वाढवायला सांगतं, कोणी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला. हार्ड डिस्ककडे बघायचं सहसा कोणाला सुचत नाही, कारण ती चालू असते. फायली उघडतात, फोटो दिसतात, टॅलीची एंट्री होते. मग एक दिवस सुरू करताना आतून टकटक ऐकू येते आणि पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. ‘अचानक गेली’ असं आपण म्हणतो. दुरुस्तीच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मी एवढं नक्की सांगू शकतो, की अशा बऱ्याच डिस्क अचानक गेलेल्या नसतात. त्या आधी कित्येक दिवस सांगत असतात, फक्त ते सांगणं मंदपणाच्या रूपात येतं म्हणून आपल्याला कळत नाही.

हे समजायला डिस्क वाचते कशी ते बघावं लागेल. डेस्कटॉपमधल्या नेहमीच्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवर वाचणारं हेड तिला टेकत नाही, तबकडीच्या वेगाने निर्माण होणाऱ्या हवेच्या थरावर तरंगतं. मधली फट अवघी काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर भरते, यावरून ती फट किती बारीक असेल याचा अंदाज करा. तबकडीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहिलेली असते. अलीकडच्या डिस्कमध्ये असा एक तुकडा ४,०९६ बाइटचा असतो आणि त्यासोबत चूक पकडून दुरुस्त करणारी जादा माहितीही असते. वाचताना थोडंफार चुकलं तर डिस्क ते स्वतःच दुरुस्त करून घेते. हे रोज, सतत चालू असतं आणि त्यात काही वावगं नाही.

अडचण येते ती दुरुस्त होण्यापलीकडची चूक निघाली की. पृष्ठभागावर ओरखडा असेल, चुंबकीय थर अशक्त झाला असेल किंवा हेडच थकलं असेल. अशा वेळी डिस्क लगेच हात वर करत नाही. तो सेक्टर पुन्हा हेडखाली येईपर्यंत थांबते, म्हणजे साधारण ८ मिलिसेकंद, आणि पुन्हा वाचते. हेड किंचित इकडेतिकडे सरकवून बघते. शेकडो वेळा प्रयत्न करते. घरगुती वापराच्या डिस्क या धडपडीत एकाच सेक्टरवर कित्येक सेकंद घालवतात. तेवढा वेळ त्या डिस्ककडून काहीतरी हवं असलेला प्रत्येक प्रोग्रॅम ताटकळत बसतो. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात. त्यांतल्या पाच-दहा जरी अशा जागी असल्या, तरी मिनिटभराचं काम सात-आठ मिनिटांवर जातं. पडद्यावर मात्र फक्त गोल फिरणारे ठिपके दिसतात.

हा मंदपणा बाकीच्या मंदपणापेक्षा वेगळा ओळखता येतो. रॅम कमी असेल तर सगळंच काम रेंगाळतं. अपडेट चालू असेल तर डिस्क कामात असते, पण भरपूर वाचत-लिहीत असते. मरणाऱ्या डिस्कचा मंदपणा थबकत-थबकत येतो. सगळं सुरळीत चाललेलं असतं, एखादा ठरावीक फोल्डर उघडला की खिडकी गोठते, मिनिटभराने सुटते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फोल्डरवर पुन्हा तेच होतं. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा भाग बघावा. वापर १०० टक्के आणि वेग मात्र सेकंदाला काही शे किलोबाइट, शिवाय प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंद असेल, तर डिस्क कामात नाही, अडकली आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत ‘disk’ या नावापुढे ७ किंवा १५३ क्रमांक वारंवार दिसतात का तेही पाहावं. पहिला खराब ब्लॉक सापडल्याचं सांगतो, दुसरा एखादं वाचन-लेखन पुन्हा करावं लागल्याचं.

एका तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओची डिस्क माझ्याकडे आली ती याच तक्रारीने. लग्नसराई चालू होती. मशीन सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागत होती, एका लग्नाचा फोल्डर उघडला की सगळं लटकत होतं. मालक म्हणाले, “दादा, विंडोज नवीन टाकून द्या, एवढं केलं की चालेल असं सांगितलंय.” मी म्हटलं, “टाकू, पण आधी डिस्कचं काय म्हणणं आहे ते बघू द्या.”

डिस्कचं म्हणणं ऐकायची सोय प्रत्येक हार्ड डिस्कमध्येच असते. तिचं नाव स्मार्ट. १९९२ मध्ये आयबीएमने आपल्या डिस्कमध्ये बिघाडाचा आगाऊ अंदाज घेण्याची सोय आणली, पुढे कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर तसंच तंत्र तयार केलं आणि १९९५ पासून त्याला सामाईक रूप यायला लागलं. डिस्क स्वतःच्या किती तास चाललो, किती गरम झालो, किती जागा खराब झाल्या अशा नोंदी ठेवते. त्या वाचायला विंडोजवर CrystalDiskInfo हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालतो. लिनक्सवर हा आदेश द्यायचा:

```
sudo smartctl -a /dev/sda
```

स्टुडिओच्या डिस्कला हा आदेश दिला तेव्हा वरच उत्तर आलं, PASSED. तीच डिस्क CrystalDiskInfo मध्ये पाहिली तर पिवळ्या चौकोनात Caution. एकाच डिस्कबद्दल दोन निकाल कसे? बहुतेकांचा घात इथेच होतो, म्हणून हे जरा सावकाश बघू.

स्मार्टमधल्या प्रत्येक नोंदीला दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक कच्चा आकडा, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. दुसरा कंपनीने त्यावरून काढलेला गुण. हा गुण साधारणपणे १०० किंवा २०० पासून सुरू होतो आणि बिघाड वाढला की उतरतो. तो किती उतरला की डिस्क नापास ठरवायची, ती पातळीही कंपनीच ठरवते. PASSED याचा अर्थ एवढाच, की कोणताही महत्त्वाचा गुण त्या पातळीखाली गेलेला नाही. ही पातळी खूप खाली ठेवलेली असते. शेकडो सेक्टर बाद झाले तरी गुण वरच राहिलेला मी पाहिला आहे. त्याहून वाईट म्हणजे काही महत्त्वाच्या नोंदींसाठी ही पातळी चक्क शून्य असते. तिच्याखाली जायला जागाच नाही, म्हणजे त्या नोंदीवरून डिस्क कधीच नापास होणार नाही. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कचा बॅकअप घेऊन ती बदलण्याचा जो इशारा कधीकधी पडद्यावर येतो, तोही याच गुणावर अवलंबून असतो. तो आला तर खराच समजावा. तो आला नाही म्हणून निर्धास्त राहायला मात्र काही आधार नाही.

म्हणून बघायचे ते कच्चे आकडे, आणि तेही सगळे नाहीत. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये Read Error Rate समोर कोट्यवधींचा आकडा दिसतो, तो पाहून लोक घाबरतात. त्या आकड्यात किती वाचनं झाली तेही मिसळलेलं असतं, तेव्हा तो सोडून द्यावा. लक्ष द्यायचं ते मुख्यतः तीन ओळींवर: 05, C5 आणि C6. लिनक्सच्या यादीत त्याच ओळी 5, 197 आणि 198 अशा येतात.

यांतली सर्वांत बोलकी C5, पडद्यावर तिचं नाव Current Pending Sector Count. खूप धडपड करूनही जो सेक्टर वाचता आला नाही, तो डिस्क या यादीत टाकते. डिस्ककडे राखीव सेक्टर असतात, खराब जागेऐवजी त्यांतला एखादा वापरता येतो. पण वाचताच न आलेल्या सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर लावायचा तर त्यात लिहायचं काय? मूळ माहितीच हाताशी नाही. म्हणून डिस्क थांबते. कोणी त्या जागेवर नवीन काही लिहिलं, की ती जागा तपासते. लिहिलेलं टिकलं तर सेक्टर यादीतून काढते. नाही टिकलं तर राखीव सेक्टर लावते आणि मग 05 ची मोजणी वाढते. C6 मध्ये डिस्कने स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर येतात, त्यामुळे तो आकडा पुष्कळदा C5 च्या बरोबरीने चालतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघते. डिस्क पूर्ण फॉरमॅट केली की सगळीकडे लिहिलं जातं, C5 शून्यावर येतो आणि मशीन पुन्हा पळायला लागतं. दुरुस्त झाली असं वाटतं. आजार तसाच असतो, फक्त 05 चा आकडा वाढलेला असतो आणि तो बघायला कोणी जात नाही.

स्टुडिओच्या डिस्कवर 05 समोर शून्य होतं. C5 आणि C6 समोर 000000000010. मालकांनी तो दहा वाचला. CrystalDiskInfo हे आकडे मुळात सोळाच्या पटीतल्या संख्यालेखनात दाखवतो, तेव्हा ते सोळा होते. सेटिंगमध्ये साधे दशमान आकडेही मागता येतात. डिस्क आतून ४,०९६ बाइटचे सेक्टर वापरत असली तरी बाहेर ५१२ बाइटचे आठ सेक्टर म्हणून मोजते. म्हणजे प्रत्यक्षात दोनच जागा वाचता येत नव्हत्या.

दोन जागा म्हणजे काय मोठंसं, असा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे लाइट जातात. लिहिणं चालू असतानाच वीज गेली तर एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जातो, आतली पडताळणी जुळत नाही आणि तो C5 मध्ये येतो. तबकडीला काही झालेलं नसतं. असा आकडा एकदा येतो, तेवढाच राहतो आणि त्या जागेवर लिहिलं की जातो, 05 न वाढवता. आकडा एकदा पाहून नव्हे, तो वाढतो का यावरून निदान होतं. आज आठ, परवा चोवीस, पुढच्या आठवड्यात ऐंशी अशी चाल दिसली तर शंकेला जागा नाही. तीन ओळींपलीकडचा C7 हा आकडा वाढत असेल, तर मात्र डिस्कला दोष देऊ नये. ती तक्रार डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या केबलची असते. केबल बदलावी. जुना आकडा पुसला जात नाही, नवा वाढायचा थांबतो.

या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा, याचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर झाला आहे. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा हिशेब मांडला. तपासणीत पहिली वाचनाची चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कवर चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही नव्हती. लोकांच्या फायलींचा बॅकअप सांभाळणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये असाच हिशेब दिला. त्यांच्याकडे बंद पडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कवर पाचपैकी निदान एक आकडा शून्याच्या वर गेला होता, आणि चालू डिस्कपैकी फक्त ४.२ टक्के डिस्कवर. म्हणजे आकडा वर गेला तर त्याचं ऐकायलाच हवं. आकडा शून्य असला तरी जवळपास चारातली एक डिस्क काही न सांगता जाते. मोटर, हेड किंवा खालचं सर्किट एकदम गेलं तर सेक्टरच्या मोजणीत ते आधी कसं दिसणार?

परत स्टुडिओकडे. पहिला प्रश्न काय करायचं हा नव्हता, काय करायचं नाही हा होता. विंडोज नव्याने टाकायचं नाही, कारण त्यात त्याच डिस्कवर भरपूर लिहिलं जातं. chkdsk /r चालवायचं नाही. ही तपासणी प्रत्येक सेक्टर वाचायला लावते, आजारी हेडला तासन्तास खराब जागांवर घासत ठेवते, आणि फायलींची रचना त्याच डिस्कवर बदलते. निरोगी डिस्कवर ती उपयोगी आहे, इथे नाही. आम्ही आधी अजून गिऱ्हाइकाला न दिलेल्या लग्नांचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उचलले. तिसऱ्या फोल्डरला कॉपी थांबली, वेग शून्यावर आला. तिथे हट्ट न करता मशीन बंद केलं, डिस्क काढली, लिनक्सच्या मशीनला लावली आणि ddrescue सुरू केलं.

```
ddrescue -d -n /dev/sdb photo.img photo.map
ddrescue -d -r3 /dev/sdb photo.img photo.map
```

पहिल्या ओळीत सहज वाचता येईल तेवढं आधी उचललं जातं, अडणाऱ्या जागा टाळून पुढे जातं. दुसऱ्या ओळीत सोडलेल्या जागांवर परत येऊन तीनदा प्रयत्न होतो. photo.map या फायलीत कुठलं झालं, कुठलं राहिलं याची नोंद असते, त्यामुळे मधे बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. photo.img ठेवायची जागा दुसऱ्या, धडधाकट डिस्कवरच हवी आणि ती जुन्या डिस्कहून मोठी हवी. आजारी डिस्कचं नाव /dev/sdb आहे याची दोनदा खात्री करावी. नाव चुकलं तर तासन्तास भलतीच डिस्क उतरवली जाते, आणि तेवढ्या वेळात आजारी डिस्क आणखी खालावते.

एक टेराबाइटची निरोगी डिस्क अशी उतरवायला सुमारे तीन तास लागतात. या डिस्कची पहिली फेरी दुपारी लावली ती रात्री संपली, दुसरी रात्रभर चालली. सकाळी ५१२ बाइटचे ८८ सेक्टर राहिले होते, म्हणजे सुमारे ४५ हजार बाइट. एका टेराबाइटमध्ये हे काहीच नाही. C5 चा आकडाही सोळावरून ८८ वर गेला होता. नुसत्या वाचण्याने तो इतका चढला, यावरूनच डिस्कची खरी अवस्था कळली. राहिलेल्या जागांपैकी बऱ्याच रिकाम्या भागात किंवा विंडोजच्या फायलींत होत्या. लग्नाच्या दोन फोटोंचा मात्र खालचा निम्मा भाग करडा झाला, कारण जेपेग फाइलमध्ये मधली माहिती हरवली की तिच्या पुढचं चित्र उलगडता येत नाही. मालकांनी ते दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “बाकीचे आले ना, मग झालं.” त्यानंतर डिस्क पुन्हा वीज देऊन पाहिली, तर ती टकटक करायला लागली होती.

ती टकटक म्हणजे काय? प्रत्येक तबकडीवर हेडला आपण कुठे आहोत ते कळण्यासाठी कारखान्यातच खुणा लिहिलेल्या असतात. डिस्क सुरू झाली की हेड बाहेर येऊन त्या खुणा शोधतं. हेड खराब असेल तर खुणा सापडत नाहीत, मग त्याचा दांडा मागे येऊन अडणीवर आपटतो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा आपटतो. म्हणून हा आवाज एका लयीत येतो, काही वेळा होऊन थांबतो आणि बऱ्याचदा मोटरही बंद होते. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये अधूनमधून येणारा एकच हलका ‘टक्’ वेगळा, तो हेड विश्रांतीच्या जागी जाण्याचा. बाहेरून यूएसबीने लावायची डिस्क टकटक करत असेल तर एकदा, एकदाच, दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट वापरून बघावा. कमी वीज मिळाली तरी तसा आवाज येतो. बारीक गुणगुण किंवा ‘बीप’सारखा आवाज येऊन तबकड्या फिरतच नसतील, तर हेड तबकडीला चिकटलेलं किंवा मोटर अडकलेली असू शकते.

खरी टकटक सुरू झाल्यावर डिस्कला पुन्हा पुन्हा वीज देणं, हाच सगळ्यात मोठा तोटा. बिघडलेलं हेड तबकडीला टेकलं तर माहिती ज्या थरात आहे तो थरच खरवडला जातो, आणि त्याची भुकटी उरलेल्या तबकडीवर पसरते. मग कोणतीही प्रयोगशाळा काही करू शकत नाही. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजून लोक सांगतात. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, एवढंच त्यातून मिळतं. झाकण उघडून ‘बघायचं’ तर मुळीच नाही. हेडखालच्या फटीच्या मानाने हवेतला धुळीचा कण अजस्र असतो. खालचं सर्किट तशाच दुसऱ्या डिस्कवरून काढून लावणंही आता चालत नाही, कारण त्या-त्या डिस्कची जुळवणीची माहिती तिच्याच सर्किटवरच्या चिपमध्ये असते. इथे धूळविरहित खोलीत, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून वाचन करणारी माणसंच लागतात. पुण्या-मुंबईत अशी सोय आहे, खर्च बराच आहे, आणि यशाची हमी कोणी देत नाही. आधी कोणी किती वेळा चालवून पाहिली, हे ते पहिल्यांदा विचारतात.

एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिथे टकटक कधीच येत नाही. तिची लक्षणं वेगळी असतात आणि ती पुष्कळदा काहीच न सांगता जाते. तिच्यासाठी बॅकअपशिवाय दुसरा उपाय नाही.

वॉरंटीत असलेली डिस्क कंपनी बदलून देते, आतली माहिती नाही. ज्या बाहेरच्या डिस्कवर तुम्ही बॅकअप ठेवता तीही हार्ड डिस्कच आहे, तिचे 05, C5 आणि C6 हे आकडेही वर्षात दोन-तीनदा लिहून ठेवा. आकडा वाढताना दिसला तर त्याच दिवशी प्रत काढा. टकटक आली तर वायर काढा आणि परत लावू नका. आणि ज्या डिस्कचा 05 चढलेला आहे ती फॉरमॅट करून, स्वच्छ करून जुन्या बाजारात विकू नका. घेणाऱ्याला पडद्यावर PASSED च दिसणार आहे.